गद्यातला अनुप्रास आणि स्वरसाम्य पुरावा म्हणून कसे वापरायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कथा-कादंबरीवर निबंध किंवा समीक्षा लिहिणारे लोक मला पुन्हापुन्हा जे प्रश्न पाठवतात ते इथे एकत्र केलेत. बहुतेकांची अडचण एकच असते, की आवाजांची पुनरावृत्ती दिसते, ती दाखवावीशीही वाटते, पण "हे तू ओढूनताणून काढलंयस" असं कुणी म्हटलं तर उत्तर नसतं. उदाहरणांची वाक्यं मीच रचलेली आहेत, म्हणजे कुठल्या लेखकाच्या मनात काय होतं हा वाद मध्ये येणार नाही. प्रश्नांना नंबर दिलेत, कारण उत्तरं एकमेकांना जोडलेली आहेत.

१. अनुप्रास म्हणजे काय ते शाळेत शिकलोय, पण गद्यात नक्की काय मोजायचं? फक्त शब्दाचं पहिलं अक्षर का?

मम्मटाच्या काव्यप्रकाश या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात व्याख्या एकदम छोटी आहे, वर्णसाम्य म्हणजे अनुप्रास. वर्ण शब्दात कुठे यावा याची त्यात अट नाही, आणि स्वर वेगळे असले तरी चालतात, व्यंजनं जुळली की झालं. त्यामुळे आपल्या परंपरेत "अनुप्रास" हा शब्द व्यंजनांकडे झुकलेला आहे आणि नुसते स्वर जुळतात तेव्हा आपण वेगळं "स्वरसाम्य" म्हणतो.

व्यवहारात माझा सल्ला असा की शब्दारंभीचं व्यंजन आधी बघा, कारण कानाला ते सगळ्यात पटकन लागतं, मग हवं तर मधली व्यंजनं घ्या. पण जो नियम घ्याल तो पूर्ण मजकुराला सारखाच लावा. मी पाहिलेली सगळ्यात कॉमन चूक हीच आहे: एका वाक्यात पहिलं अक्षर मोजायचं, पुढच्यात ते जुळत नाही म्हणून मधलं मोजायचं, तिसऱ्यात "प आणि ब जवळचेच आहेत" म्हणून तेही धरायचं. असं केलं तर कुठल्याही वाक्यात काहीही सापडतं, अगदी गॅसच्या बिलातसुद्धा.

२. एका वाक्यात चार शब्द स ने सुरू झाले तर ते मुद्दाम केलेलंच असणार ना? योगायोगाने एवढे कसे येतील?

येतात. एक छोटा हिशोब करू. समजा एखाद्या कथेत शंभरातले ८ शब्द स ने सुरू होतात (तुमच्या कथेसाठी हा आकडा तुम्हीच मोजा, दोन-तीन पानं घेतली तरी अंदाज येतो). आता दहा शब्दांचं एक वाक्य घ्या. त्यात निव्वळ योगायोगाने तीन किंवा जास्त स यायची शक्यता साधारण ४ टक्के आहे. ऐकायला कमी वाटतं, पण कथेत २०० वाक्यं असतील तर त्यातली ८ वाक्यं अशी निघणार, कुणी काहीही न ठरवता. आणि हे फक्त स चं झालं, क, त, प, न, म यांची आणखी वेगळी. म्हणजे प्रत्येक लांब कथेत "सुंदर अनुप्रास" असलेली डझन-दोन डझन वाक्यं नुसती पडलेली असतात, आणि आपण नेमकी तीच उचलून दाखवतो.

हा हिशोब ढोबळ आहे, कारण खऱ्या भाषेत शब्द चिठ्ठ्यांसारखे पडत नाहीत, विषयामुळे आणि व्याकरणामुळे ते एकमेकांना ओढतात (प्र. ३). पण त्याने योगायोग वाढतोच, कमी होत नाही.

अशी मोजणी प्रत्यक्ष झालेली आहे. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी १९३९ मध्ये शेक्सपिअरच्या सुनीतांमधला अनुप्रास मोजला आणि तो योगायोगाने जेवढा आला असता त्याच्या आसपासच निघाला. नंतर १९४१ मध्ये त्यांनी स्विनबर्न या कवीवर तसाच प्रयोग केला, तिथे मात्र तो योगायोगाच्या बराच वर होता. ही उदाहरणं पद्याची आहेत, पण पद्धत गद्यालाही तशीच लागू पडते: आधी विचारायचं की काहीच ठरवलं नसतं तर किती आलं असतं, आणि मग किती आलंय ते बघायचं. अर्थात सरासरी साधी निघाली म्हणून एखादी विशिष्ट ओळ परिणामकारक नाही असं सिद्ध होत नाही, फक्त "या लेखकाला अनुप्रासाची ओढ आहे" असं सरसकट विधान करता येत नाही.

३. मराठीत काही आवाज आपोआपच रिपीट होतात असं म्हणतात, ते कुठले?

बरेच आहेत आणि हे ओळखता आलं की अर्धं काम झालं.

पहिलं म्हणजे सर्वनामं आणि त्यांचं कुटुंब. तो, ती, ते, तेव्हा, तिथे, तसा, तितका हे सगळे त ने. जो, जेव्हा, जिथे, जसा ज ने. कोण, कुठे, कधी, कसा, का क ने. त्यामुळे कुणाची तरी आठवण काढणारा परिच्छेद त ने भरणारच आणि प्रश्न विचारणारा क ने.

दुसरं, लिंग-वचनाचा मेळ. "सगळ्या खिडक्या उघडल्या" यात तीन वेळा "या" ऐकू येतो, पण तो लेखकाने आणलेला नाही, खिडकी स्त्रीलिंगी आणि अनेकवचनी आहे म्हणून आलाय. विभक्तीचे प्रत्यय आणि वाक्याच्या शेवटचे होता-होती-होते पण याच खात्यात.

तिसरं, भाषेने तयारच दिलेले जोड: हळूहळू, काळंकुट्ट, साधंसुधं, कामकाज, सळसळ. यातली आवाजाची जुळणी भाषेची आहे. लेखकाने ती जास्त वापरली तर "बोलीतले जोडशब्द खूप आहेत" असं म्हणा, ते खरंच निरीक्षण आहे, पण त्याला त्याचा अनुप्रास म्हणू नका.

आणि चौथं, तोच शब्द पुन्हा येणं. ती शब्दाची पुनरावृत्ती, तिचा वेगळा अर्थ लावता येतो, पण मोजणीत तो शब्द एकदाच धरा.

४. एखादा परिच्छेद घेऊन पूर्ण करून दाखवाल का? नियम कळतात पण प्रत्यक्षात गडबड होते.

हा घ्या:

*सकाळी साडेसहाला सुमनने सगळ्या खिडक्या उघडल्या. अंगणात कुणी नव्हतं. काकांची काठी कोपऱ्यात, कुलूप कडीला, कडी कोयंड्यात. ती तशीच तिथे थांबली. तिला तेव्हा तो आठवला नाही, त्याचा आवाज आठवला.*

पहिल्या वाचनात तीन ठिकाणं डोळ्यात भरतात. पहिल्या वाक्यात सहापैकी चार शब्द स ने, तिसऱ्यात सातच्या सात क ने, आणि शेवटच्या दोन वाक्यांत मिळून बारापैकी सात त ने. आकड्यांवर गेलं तर तिन्ही जोरदार दिसतात, पण तपासल्यावर तिघांचं नशीब वेगवेगळं निघतं.

आधी त काढून टाकू. ती, तशीच, तिथे, तिला, तेव्हा, तो, त्याचा, सगळी प्र. ३ मधली मंडळी आहेत. यातला एकही शब्द लेखकाने त साठी निवडला असं म्हणायला जागा नाही, कारण त्याऐवजी दुसरं काय वापरणार होता? तिला म्हणायचं तर तिलाच म्हणावं लागतं. या दोन वाक्यांत बोलण्यासारखं आहे ते वेगळंच, "तो आठवला नाही, त्याचा आवाज आठवला" ही रचना, त्यावर बोला.

मग स. "सकाळी साडेसहाला" हा वेळ सांगायचा साधा प्रकार आहे. सुमन हे नाव लेखकानेच ठेवलंय हे खरं, पण ते कथेच्या सुरुवातीला एकदा ठेवलं आणि मग प्रत्येक पानावर येतंच राहणार, म्हणून ते दर वाक्यात नवी निवड म्हणून धरता येत नाही. उरला "सगळ्या". त्याच्या जागी "घरातल्या" चाललं असतं, म्हणजे थोडी मोकळीक होती, पण एका शब्दावर काही उभं राहत नाही. इथे मी म्हणेन की वाक्य कानाला गुळगुळीत लागतं, यापुढे काही नाही.

आता क. सात शब्दांतला कडी दोनदा आहे, म्हणजे सहा वेगळे शब्द. कुलूप, कडी, कोयंडा या वस्तू दारावर एकत्रच असतात, त्यांची नावं क ने सुरू होतात हा भाषेतला योगायोग. पुरावा इथे कमजोर होतो हे प्रामाणिकपणे मान्य करायचं. पण मग बघा लेखकाला मोकळीक कुठे होती. काठी "भिंतीला टेकलेली" असू शकली असती, ती कोपऱ्यात आहे. आणि जास्त महत्त्वाचं, वाक्यात क्रियापदच नाही. "काकांची काठी कोपऱ्यात होती, कुलूप कडीला लावलेलं होतं, कडी कोयंड्यात अडकवलेली होती" असं लिहून मोठ्याने वाचा: सगळे क तसेच आहेत, पण ते लांब लांब गेले आणि कानाला लागेनासे झाले. म्हणजे क एकमेकांना चिकटलेत ते क्रियापदं गाळल्यामुळे, आणि गाळणं ही नक्कीच निवड आहे, कारण आजूबाजूच्या प्रत्येक वाक्यात क्रियापद आहे. शिवाय "कुलूप कडीला, कडी कोयंड्यात" अशी साखळी आहे, एक वस्तू दुसरीत अडकलेली.

मग दावा किती करायचा? एवढाच, की उघडलेल्या खिडक्यांनंतर जे बंद, जखडलेलं चित्र येतं ते क्रियापद नसलेल्या साखळीने उभं राहिलंय आणि जवळजवळ आलेले क ते आणखी घट्ट करतात. मुख्य पुरावा अर्थ आणि वाक्यरचना, आवाज दुजोऱ्याला. "क च्या कठोर आवाजातून काकांचा मृत्यू सूचित होतो" हे मात्र कशावरूनही निघत नाही, परिच्छेदात काका गेलेत असंही कुठे म्हटलेलं नाही.

अजून एक पायरी राहते आणि ती लोक सोडतात. पूर्ण कथेत क दाटलेली आणखी वाक्यं शोधा. समजा पुढे कुणाच्या तरी लग्नात "काकू कपाटातल्या कोऱ्या कापडांचे कोपरे कुरवाळत" असतील आणि तिथे सगळं मोकळं, आनंदाचं असेल, तर या लेखकात क म्हणजे जखडलेपण असा नियम नाही हे सिद्ध झालं. तिसऱ्या वाक्याबद्दलचा तुमचा दावा तरीही टिकतो, कारण तो त्या एका जागेपुरता होता.

५. पण क, ट, ठ हे कठोर आणि म, ल, ळ हे मऊ आवाज असतातच की, मग अर्थ का लावू नये?

आवाजाचा आणि आकाराचा काहीतरी संबंध लोकांना जाणवतो हे खोटं नाही. मानसशास्त्रज्ञ कोलर यांनी १९२९ च्या त्यांच्या पुस्तकात दोन अर्थहीन शब्द दिलेत, एक म, ल चा आणि एक ट, क चा, आणि लोक पहिला गोल आकृतीला आणि दुसरा टोकदार आकृतीला लावतात. पण तिथे शब्दांना अर्थच नव्हता. कथेत शब्दाला अर्थ असतो आणि तो आवाजावर मात करतो.

ळ चंच बघा. खळखळ, सळसळ ऐकून ळ वाहता, हळुवार वाटतो. मग मळमळ, जळजळ, तळमळ, हळहळ यांचं काय करायचं? ळ तोच आहे. झऱ्याच्या वर्णनात तो मऊ वाटतो कारण झरा आधीच डोळ्यासमोर आलाय. म्हणून "ळ मुळे मृदुता येते" लिहिण्याऐवजी "या वर्णनात ळ परत परत येतो आणि पाण्याच्या आवाजाच्या शब्दांशी जुळतो" असं लिहा, त्यात खळखळ हा शब्द खरोखर मजकुरात असेल तर.

६. स्वरसाम्य मला दिसतच नाही, किंवा मग सगळीकडे दिसतं. काय करू?

सगळीकडे दिसतं ते बहुतेक "आ". मराठीत पुल्लिंगी विशेषणं, भूतकाळी क्रियापदं, सामान्यरूपं बरीचशी आ वर संपतात, त्यामुळे आ ची गर्दी हा जवळजवळ कधीच पुरावा होत नाही. दुर्मिळ स्वर बघा आणि शब्दाच्या शेवटी नाही, आत बघा, कारण शेवट व्याकरणाच्या ताब्यात असतो.

उदाहरण: *दूर कुठूनसा धूर यायचा. ऊन उतरायचं. चूल मात्र सुनी.* इथे दूर, कुठूनसा, धूर, ऊन, उतरायचं, चूल, सुनी, सगळ्यांच्या आत उ किंवा ऊ आहे आणि कुठूनसा मधला ठू सोडला तर एकही प्रत्ययामुळे आलेला नाही. आता मोकळीक तपासा. दूर ला "लांब" होता, आणि रोजच्या बोलण्यात तोच जास्त येतो. सुनी ला "थंड" होता, "विझलेली" होता. दोन ठिकाणी सोपा पर्याय हाताशी असून ऊ वाला शब्द आलाय, हे मला प्र. ४ मधल्या क पेक्षाही बळकट वाटतं, जरी क ची संख्या जास्त भपकेदार होती. चूल, धूर, ऊन मात्र प्रसंगातूनच आलेत, ते आकड्यात धरा पण त्यांच्यावर जोर देऊ नका.

७. ऱ्हस्व-दीर्घ वेगळे मोजायचे का? आणि च-ज चं काय?

कानाने मोजा, डोळ्याने नाही. धूर लिहिताना दीर्घ आणि धुराचा लिहिताना ऱ्हस्व, पण ते बरंचसं शुद्धलेखनाच्या नियमामुळे आहे, म्हणून इ-ई आणि उ-ऊ एकत्र धरायला हरकत नाही, फक्त तसं सांगा.

च आणि ज ला उलटी अडचण आहे, अक्षर एक आणि आवाज दोन. चोर, चूक, चाक यातला च वेगळा आणि चिमणी, चेहरा, चिखल यातला वेगळा. जाळ, जुना एका बाजूला, जीभ, जेवण दुसऱ्या. "चोराचा चेहरा" हा कागदावर अनुप्रास दिसतो, कानाला तितका लागत नाही. याउलट श आणि ष बहुतेक लोक सारखेच उच्चारतात, ते एकत्र घ्या. अक्षरात धरलेला पण न उच्चारलेला अ सुद्धा सोडून द्या, बसला मधल्या स ला आपण अ लावत नाही.

पात्र बोलीत बोलत असेल तर त्या बोलीच्या उच्चाराने मोजा. प्रमाण उच्चार लादला तर गणितच चुकतं.

८. लेखकाने हे मुद्दाम केलं हे सिद्ध करावं लागतं का?

नाही, आणि शक्यतो त्या वाटेला जाऊच नका. भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर यांची गोष्ट मला इथे नेहमी आठवते. १९०६ ते १९०९ च्या सुमारास त्यांना लॅटिन कवितांमध्ये देवांची, वीरांची नावं तुकड्यातुकड्याने आवाजात लपवलेली दिसायला लागली. वह्याच्या वह्या भरल्या. मग ती नावं गद्यातही सापडायला लागली, अगदी पत्रांमध्येसुद्धा, आणि शंका वाढत गेली की हे सगळीकडेच सापडतंय का. शेवटी त्यांनी लॅटिनमध्ये कविता लिहिणाऱ्या पास्कोली या इटालियन कवीला पत्र लिहून विचारलं की हे मुद्दाम करतात का, आणि त्यातून हवा तो खुलासा काही मिळाला नाही. त्यांनी ते काम कधीच छापलं नाही. एवढ्या बारकाईने बघणाऱ्या माणसाने "सगळीकडे सापडतंय" यालाच धोक्याची खूण मानलं, हे मला फार मोठं वाटतं.

हेतूऐवजी परिणामाबद्दल लिहा: "इथे वाचताना वेग कमी होतो" हे मजकुरावर तपासता येतं. हेतूचा पुरावा एकाच प्रकारे मिळतो, दोन आवृत्त्या किंवा हस्तलिखित असेल तर. आधीच्या खर्ड्यात "लांब" होतं आणि छापताना "दूर" झालं, अर्थ तोच राहिला, असं दिसलं तर ते सोनं आहे. तरी एका बदलावरून पूर्ण शैलीबद्दल बोलू नका, बाकीचे बदल कुठल्या दिशेचे आहेत तेही बघा.

९. अनुवादित कादंबरीवर लिहितोय, अनुप्रास दाखवू शकतो का?

दाखवू शकता, पण तो अनुवादकाचा. मूळ लेखकाच्या नावावर तो टाकायचा असेल तर मूळ मजकूर त्याच जागी बघावाच लागेल. मूळ भाषा येत नसेल तर "मराठी अनुवादात" हे दोन शब्द घाला, प्रश्न मिटला.

१०. निबंधात वाक्य कसं लिहू? "कदाचित" घातलं की गुळमुळीत वाटतं, नाही घातलं की अति वाटतं.

"कदाचित" ने दावा लहान होत नाही, नुसता भित्रा होतो. दाव्याची हद्द आखा, मग ठामपणे लिहिता येतं. प्र. ४ च्या परिच्छेदावर मी असं लिहीन: "तिसऱ्या वाक्यात क्रियापदं गाळल्यामुळे क ने सुरू होणारे शब्द सलग येतात आणि कुलूप-कडी-कोयंडा ही साखळी कानालाही जाणवते, पहिल्या वाक्यातल्या उघड्या खिडक्यांशी तिचा विरोध आहे. कुलूप आणि कडी ही नावं प्रसंगातूनच येतात, त्यामुळे निवड दिसते ती शब्दांपेक्षा रचनेत." दुसरं वाक्य लोक घाबरून गाळतात, वाटतं आपणच आपला मुद्दा पाडतोय. उलट तपासणाऱ्याची शंका तुम्ही आधीच घेतलीत म्हणून पहिल्या वाक्यावर विश्वास बसतो.

एका निबंधात असे दोन-तीन दाखले पुरे. दहा दिलेत तर वाचणारा प्र. २ मधला हिशोब करायला लागतो.

११. सगळं तपासलं आणि काहीच अर्थ निघाला नाही, पण वाक्य ऐकायला फार छान आहे. मग ते सोडून द्यायचं?

नाही सोडायचं. "सकाळी साडेसहाला सुमनने सगळ्या खिडक्या उघडल्या" हे वाक्य जिभेवर सहज चालतं, आणि कथेचं पहिलं वाक्य सहज चालणं ही सांगण्यासारखी गोष्ट आहे, वाचक अडखळत नाही, आत येतो. तसं लिहा. फक्त स ला शांततेचं किंवा सकाळच्या वाऱ्याचं प्रतीक करू नका. वाटलंच तर "घरातल्या खिडक्या" घालून दोन्ही वाक्यं मोठ्याने वाचा, दुसऱ्या कुणाला तरी न सांगता ऐकवा, आणि फरक त्यालाही जाणवला का ते विचारा.